गरोदरपणात पायात उतरणारी कळ: सायटिका कोणती, कंबरदुखी कोणती आणि कोणत्या दुखण्यावर काय करायचं

सातव्या-आठव्या महिन्यात कुल्ल्यात कळ आली की घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, ‘शीर दबली असेल.’ कधी तसं असतंही, पण बहुतेक वेळा नसतं. गरोदरपणात कंबर जवळजवळ निम्म्या बायकांची दुखते. ओटीपोटाच्या हाडांच्या सांध्यांचं दुखणंही बऱ्याच जणींना होतं. मणक्यातून निघणारा मज्जातंतू दुखावून होणारी खरी सायटिका मात्र त्या मानाने फारच थोड्या जणींना होते. तरी तिन्ही दुखण्यांना एकच नाव दिलं जातं आणि एकच उपाय सुचवला जातो. घोळ तिथे होतो, कारण सांध्याच्या दुखण्याला जो व्यायाम वाईट तो मज्जातंतूच्या दुखण्याला चालतो, आणि कंबरेच्या आखडलेल्या स्नायूला ज्या ताणाने बरं वाटतं त्याच ताणाने मज्जातंतू आणखी चिडतो. म्हणून आधी दुखणं ओळखायचं आणि मग उपायाला हात घालायचा.

कळ कुठून कुठे जाते ते बोटाने दाखवा

सायटिक मज्जातंतू हा शरीरातला सर्वांत जाड मज्जातंतू. कंबरेच्या शेवटच्या दोन मणक्यांमधून आणि त्याखालच्या, माकडहाडाच्या वर असलेल्या त्रिकोणी हाडाच्या वरच्या भागातून त्याची मुळं निघतात. ती एकत्र येतात, कुल्ल्याच्या खोल स्नायूखालून मांडीच्या मागच्या बाजूला उतरतात आणि गुडघ्याच्या वर त्यांचे दोन फाटे होऊन ते पावलापर्यंत पोहोचतात. यातलं एखादं मूळ मणक्यापाशी चेपलं किंवा चिडलं तर दुखणं त्या मुळाच्या वाटेने जाणवतं. त्यामुळे दुखण्याची जागा कंबरेत कमी आणि पायात जास्त असते.

आता उभ्या राहा आणि एका बोटाने कळेची वाट दाखवा. बोट कंबरेच्या दोन्ही बाजूंना आडवं फिरलं, किंवा पूर्ण पंजा कंबरेवर ठेवून ‘इथे सगळं जड झालंय, ठणकतंय’ असं म्हणावंसं वाटलं, तर ती साधी कंबरदुखी. पोट पुढे येतं तशी कंबरेची खोबण वाढते आणि पाठीचे स्नायू दिवसभर ओढलेले राहतात. संध्याकाळी दुखणं वाढतं, आडवं झालं की कमी होतं.

बोट कंबरेच्या खाली, कुल्ल्याच्या वरच्या कोपऱ्यातल्या खळीवर टेकलं तर दुखणं बहुधा ओटीपोटाच्या मागच्या सांध्याचं आहे. गरोदरपणात तिथले बंध सैल होतात आणि सांधा थोडा जास्त हलू लागतो. कळ मांडीच्या मागे उतरू शकते, म्हणून बाईला वाटतं की शीर दबली. पण ती सहसा गुडघ्याच्या खाली जात नाही. रात्री कूस बदलताना, जिना चढताना, एका पायावर उभं राहून सलवार घालताना ती नेमकी उठते. पुढे, जांघांच्या मधल्या हाडावरही दुखत असेल तर शंका राहत नाही.

बोट कुल्ल्यापासून मांडीच्या मागून पोटरीवर आणि तिथून पावलावर किंवा बोटांपर्यंत गेलं, आणि ती वाट दोन-तीन बोटं रुंदीची एक पट्टी असेल, तर सायटिका समजून पुढे चाला. कळ विजेसारखी जाते किंवा भाजल्यासारखी होते. सोबत मुंग्या, झिणझिण्या किंवा बधिरपणा असतो. खोकला, शिंक, शौचाला जोर देणं याने ती पायात उसळते. बहुतेक वेळा एकाच पायात असते.

चौथं एक दुखणं यात मिसळतं, त्याचा उलगडा झाला की सोडवायला फार सोपं असतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, साधारण तळहाताएवढ्या भागात जळजळ आणि बधिरपणा, पाठीत काही नाही, पावलात काही नाही. हा सायटिक मज्जातंतू नव्हे. जांघेच्या कोपऱ्यातून जाणारा एक बारीक मज्जातंतू फक्त कातडीला संवेदना देतो, तो वाढत्या पोटामुळे आणि घट्ट कपड्यामुळे चेपतो. परकराची नाडी करकचून बांधणाऱ्या किंवा घट्ट इलॅस्टिकची लेगिंग घालणाऱ्या बायकांना हे होतं. नाडी सैल करा, परकराऐवजी रुंद मऊ पट्ट्याचा कपडा वापरा, फार वेळ एकाच जागी उभं राहणं टाळा. यात पायाची ताकद कधीच कमी होत नाही. कमी झाली असेल तर दुखणं दुसरं आहे.

बधिरपणाचा नकाशा

कोणतं मूळ दुखावलं याचा अंदाज पावलावरून येतो. गुडघ्याच्या आतल्या बाजूने नडगीवर उतरणारं दुखणं वरच्या मुळाचं. नडगीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या भागावर आणि अंगठ्याकडे जाणारं त्याखालच्या मुळाचं. पोटरीच्या मागून टाचेकडे, पावलाच्या बाहेरच्या कडेला आणि करंगळीकडे जाणारं सर्वांत खालच्या मुळाचं. हा नकाशा प्रत्येकीत तंतोतंत जुळेलच असं नाही, पण डॉक्टरांना ‘पाय दुखतो’ असं सांगण्यापेक्षा ‘करंगळीला मुंग्या येतात’ असं सांगितलं तर तपासणी लवकर नेमकी होते. कापसाचा बोळा दोन्ही पावलांवर सारख्या जागी हळूच फिरवा. एका बाजूला ‘कापडावरून फिरवल्यासारखं’ वाटलं तर ती जागा लिहून ठेवा.

घरी करायच्या तीन तपासण्या

या तपासण्या निदान नाहीत. पण तुम्ही कोणत्या वाटेवर आहात आणि डॉक्टरांकडे किती घाईने जायचं हे त्यांनी कळतं. शेजारी कुणीतरी असू द्या.

पहिली तपासणी खुर्चीवर बसून. खुर्चीच्या कडेला सरळ बसा, हात मांडीवर. ज्या पायात कळ आहे तो गुडघ्यातून हळूहळू सरळ करा आणि पाऊल स्वतःकडे ओढा. मांडीच्या मागे ताण येणारच, तो सर्वांना येतो. आता पाय तसाच ठेवून हनुवटी छातीकडे न्या. पायातली ओळखीची कळ वाढली, आणि मान वर करताच कमी झाली, तर मज्जातंतू दुखावल्याची शक्यता जास्त. कारण मेंदूपासून मज्जारज्जूवरून आणि मुळांवरून पायापर्यंत एकच सलग आवरण जातं. मान वाकवली की ते वरून ओढलं जातं. मांडीच्या स्नायूचा मानेशी असा संबंध नाही, त्यामुळे स्नायूचा ताण मान हलवल्याने बदलत नाही. दुसरा पाय करून बघितल्याशिवाय मात्र निष्कर्ष काढू नका. दोन्ही पायांत सारखंच ओढत असेल तर ते आखडणं आहे.

दुसरी तपासणी सांध्याची. पलंगावर पाठीवर निजा, उजव्या कुल्ल्याखाली दुमडलेली चादर ठेवा म्हणजे पोटाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येत नाही. एक-दोन मिनिटांतच उरका. आता एक पाय सरळ ठेवून अंथरुणापासून वीतभर उचला. पाय शिशासारखा जड वाटला किंवा कुल्ल्याच्या खळीत दुखलं, तर शेजारच्या व्यक्तीला दोन्ही बाजूंनी कमरेच्या हाडांवर तळहात ठेवून आत दाबायला सांगा आणि पाय पुन्हा उचला. दाबल्यावर तो सहज उचलला गेला तर सांधा सैल असल्याची ही चांगली खूण आहे. याच बायकांना कंबरपट्ट्याचा उपयोग होतो, कारण पट्टा तेच दाबण्याचं काम करतो.

तिसरी तपासणी ताकदीची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. भिंतीला दोन्ही हात टेकून उभ्या राहा. एका पायावर भार घेऊन टाच पूर्ण उचला, खाली घ्या, असं दहा वेळा. मग दुसऱ्या पायाने. त्यानंतर भिंतीला धरूनच टाचांवर उभं राहून दोन्ही पावलांचे चवडे उचला. दोन्ही चवडे सारखे वर येतात का, अंगठा सारखा वळतो का, बघा. कळेमुळे थांबावं लागणं वेगळं आणि पाय उचललाच न जाणं वेगळं. कळ असूनही टाच पूर्ण उंचीला गेली तर ताकद शाबूत आहे. टाच अर्ध्यातच राहिली, किंवा चवडा उचलत नसेल, तर ते मज्जातंतूचं काम बिघडल्याचं लक्षण आहे. चालताना पायातून चप्पल निसटणं आणि ते लक्षातही न येणं, हे त्याचंच घरगुती रूप. जांघेचा सांधा दुखत असेल तर एका पायावर उभं राहणंच जमणार नाही. तेव्हा ही तपासणी सोडून द्या आणि ते डॉक्टरांना सांगा.

एक उदाहरण, सुरुवातीपासून

समजण्यासाठी एक बाई डोळ्यांसमोर आणू. दुसऱ्यांदा गरोदर, तिसावा आठवडा, बँकेत काउंटरवर बसून काम, घरी तीन वर्षांचा मुलगा. शनिवारी बाथरूममधून ओल्या कपड्यांची बादली उचलून वळताना कंबरेत उसण भरली. दोन दिवसांत कंबर बरीच हलकी झाली, पण डाव्या कुल्ल्यातून पोटरीत कळ उतरू लागली आणि डाव्या करंगळीला मुंग्या येऊ लागल्या. बसून राहिलं की वाढते, हळूहळू चाललं की थोडी बरी. शिंकताना ‘पायात शॉक बसतो’.

कंबर हलकी होऊन पाय बिघडणं ही इथली पहिली खूण. साधी कंबरदुखी असती तर कंबर आणि दुखणं सोबत बरं झालं असतं. वाट गुडघ्याखाली गेली, करंगळीपर्यंत पोहोचली, म्हणजे सर्वांत खालचं मूळ. खुर्चीवरच्या तपासणीत हनुवटी खाली नेताच पोटरीत कळ आली, वर बघताच ओसरली. उजव्या पायाला असं काही नाही. टाच उचलण्याच्या तपासणीत उजवीकडे दहा झाल्या, डावीकडे आठव्याला कळेमुळे थांबावं लागलं, पण आठही वेळा टाच पूर्ण वर गेली. पावलाच्या बाहेरच्या कडेला कापूस थोडा बोथट लागला. लघवी नेहमीसारखी, जांघांमधल्या भागाची संवेदना शाबूत.

म्हणजे रात्री धावपळ करून दवाखाना गाठण्याची वेळ नाही, पण पुढच्या महिन्याच्या तपासणीपर्यंत थांबण्यासारखंही नाही. याच आठवड्यात प्रसूतितज्ज्ञांना दाखवायचं आणि शक्य असेल तर गरोदर बायकांवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जायचं. डॉक्टर टाचेच्या मागच्या शिरेवर हातोडीने ठोकून दोन्ही बाजूंची प्रतिक्रिया पाहतील. या मुळाच्या दुखण्यात ती बाजूची प्रतिक्रिया मंद असू शकते. ताकद चांगली असेल तर लगेच एमआरआयची गरज सहसा पडत नाही. पडलीच तर गरोदरपणात रंगद्रव्याचं इंजेक्शन न देता एमआरआय करता येतो. एक्स-रेमध्ये मज्जातंतू किंवा मणक्यांमधली चकती दिसतच नाही, म्हणून ‘एकदा एक्स-रे काढून घेऊ’ या आग्रहात अर्थ नाही.

पहिले दोन आठवडे

पहिली गोष्ट बसण्याची. गरोदर बाईला विश्रांती म्हणून पलंगावर भिंतीला टेकून, पाय लांब करून बसवतात. सायटिकात हीच बैठक सर्वांत वाईट, कारण पाय सरळ, कंबर गोल आणि मान मोबाइलमध्ये वाकलेली. म्हणजे वर सांगितलेली खुर्चीवरची तपासणी तुम्ही अर्धा तास सलग करत राहता. त्याऐवजी खुर्चीवर बसा, कंबरेच्या खोबणीत गुंडाळलेला टॉवेल ठेवा, गुडघे कुल्ल्यापेक्षा किंचित खाली राहतील एवढी बैठक उंच करा. वीस ते तीस मिनिटांनी उठा, दोन-तीन मिनिटं खोलीत चाला. काउंटरवरच्या बाईने फोनवर गजर लावला तर बरं, नाहीतर गर्दीत तासभर कसा जातो कळत नाही.

दुसरी गोष्ट झोपण्याची. कुशीवर निजा, दुखरा पाय वरच्या बाजूला. उशी फक्त गुडघ्यांत घेऊ नका. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पूर्ण पायाखाली आधार हवा, नाहीतर पाऊल खाली लोंबतं आणि कुल्ला आत वळून मज्जातंतू ओढला जातो. लांब उशी नसेल तर गोधडीची घट्ट गुंडाळी करा. दुसरी लहान घडी पोटाखाली. अठ्ठावीस आठवड्यांनंतर तसंही झोपायला सुरुवात कुशीवरूनच करायची असते. कूस बदलताना दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटवून खांदे आणि कुल्ला एकदमच वळवा. उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली, मग हातांनी जोर देऊन वर.

पडून राहणं हा उपाय नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत कळ फार असेल तर जास्त वेळ आडवं व्हा, पण दिवसातून चार-पाच वेळा पाच-दहा मिनिटं सपाट जागी हळू चाला. गरोदरपणात नुसतं पडून राहिल्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही वाढतो.

वाकून केर काढणं, खालच्या नळाखाली बादली भरणं, मुलाला कडेवर घेणं हे दोन आठवडे दुसऱ्याकडे द्या. मूल ऐकत नसेल तर तुम्ही बसा आणि त्याला मांडीवर चढू द्या, उचलू नका. उकिडवं बसण्याची सवय असेल आणि त्यातून उठताना कळ येत नसेल तर ते बंद करण्याचं कारण नाही, मात्र शौचालयात भिंतीला धरायला दांडी असावी. खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकीवर मागे बसून जाणं टाळा.

व्यायाम तीनच, पण नीट.

पहिला: गुडघे आणि तळहात जमिनीवर टेकून चार पायांवर या. पाठ हळूच वर गोल करा, मग सपाट करा. कंबर खाली झोकू देऊ नका. आठ ते दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. पोटाचा भार पाठीवरून उतरतो म्हणून बहुतेकींना इथेच पहिल्यांदा बरं वाटतं.

दुसरा: मज्जातंतू सरकवण्याचा. खुर्चीवर सरळ बसा. दुखऱ्या पायाचा गुडघा सरळ करत आणताना त्याच वेळी वर छताकडे बघा. पाय खाली घेताना हनुवटी छातीकडे न्या. एका टोकाला ताण आला की दुसऱ्या टोकाला ढील मिळते, त्यामुळे मज्जातंतू ओढला न जाता आपल्या वाटेत पुढेमागे सरकतो. दहा वेळा, दिवसातून दोनदा. शेवटी पाय ताणून धरायचा नाही. व्यायाम संपल्यावर मुंग्या पाचेक मिनिटांत शमल्या पाहिजेत. त्या तासभर रेंगाळल्या तर गुडघा अर्धाच सरळ करा, तरीही रेंगाळल्या तर हा व्यायाम थांबवा.

इथे सर्रास होणारी चूक अशी: मांडीच्या मागे ओढतंय म्हणून टाच स्टुलावर ठेवून, पुढे वाकून तीस सेकंद ताण द्यायचा. ते ओढणं स्नायूचं नसून चिडलेल्या मज्जातंतूचं असतं. ताण धरून ठेवला की त्याचा रक्तपुरवठा कमी होतो आणि रात्री कळ दुप्पट होते.

तिसरा: कुल्ल्याच्या खोल स्नायूसाठी. खुर्चीवर बसून दुखऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा, पाठ सरळ ठेवून पुढे किंचित झुका. कुल्ल्यात खोल ताण येईल, तिथे वीस-तीस सेकंद, तीन वेळा. पोटामुळे जमत नसेल तर सोडून द्या. आणि तुमची सांध्याची तपासणी दुखरी निघाली असेल तर हा व्यायाम अजिबात करू नका.

शेकायला गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून कंबरेवर किंवा कुल्ल्यावर, दहा-पंधरा मिनिटं. पोटावर नाही. आणि जिथे कापूस बोथट लागला त्या बधिर भागावर तर कधीच नाही. तिथे चटका बसला तरी कळत नाही आणि फोड आल्यावरच लक्षात येतं. कोमट तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही. पण शीर ‘बसवण्यासाठी’ अंगठ्याने रगडणं, पाय झटका देऊन ओढणं किंवा उसण काढायला पायाळू माणसाकडून पाठीवर पाय ठेवून घेणं हे गरोदरपणात करू नका. मूळ दुखावलेलं असतं मणक्याजवळ, पोटरी रगडून ते सुटत नाही.

दुखणं सांध्याचं निघालं तर

तेव्हा वाट जवळजवळ उलटी. ताण देणं कमी, आधार देणं जास्त. पाय एकमेकांपासून लांब जातील असं काही करायचं नाही. रिक्षातून उतरताना आधी दोन्ही गुडघे जोडून बाहेर वळा, मग उभ्या राहा. सलवार, पायमोजे बसून घाला. जिना चढताना चांगला पाय आधी वर, दुखरा त्याच पायरीवर मागून. एका वेळी एकच पायरी. पट्टा पोटाच्या खाली, कुल्ल्याच्या हाडांच्या पातळीवर, घट्ट पण श्वासाला न अडणारा बांधा; उभं राहून चालताना वापरा, झोपताना काढा. तो पोटावर चढवून बांधला तर काही उपयोग होत नाही, आणि पट्टा लागू पडत नाही असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणींची चूक हीच असते. सायटिकासाठी मात्र या पट्ट्यावर पैसे घालवू नका.

गोळ्यांबद्दल

घरात कुणाच्या तरी पाठदुखीची गोळी पडलेली असते. तीत बहुधा डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन असतं, कधी पॅरासिटामॉलशी जोडून एकाच गोळीत, त्यामुळे नाव वाचल्याशिवाय कळत नाही. विसाव्या आठवड्यानंतर ही औषधं बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम करून गर्भजल कमी करू शकतात, आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो. म्हणून ती डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय घ्यायची नाहीत. त्याच औषधाचं मलमही विचारल्याशिवाय चोळू नका.

पॅरासिटामॉल हा पहिला पर्याय. एका वेळी ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तास, आणि किती दिवस घ्यायची हे डॉक्टरांना विचारून. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते मोजून घ्या. मज्जातंतूच्या कळेवर ती पूर्ण काम करत नाही, पण रात्रीची झोप मिळण्याइतकी धार कमी करते. ‘नसांची गोळी’ म्हणून प्रीगाबॅलिन दुकानातून आणू नका. गरोदरपणात तिचा निर्णय डॉक्टरांचाच. सायटिकाला आयुर्वेदात गृध्रसी म्हणतात, तिच्यासाठी म्हणून एरंडेल पिणंही नको. जुलाब होतात आणि त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. गुग्गुळाच्या गोळ्या वैद्यांना गरोदर असल्याचं सांगितल्याशिवाय घेऊ नका.

बरं होतंय हे कसं कळतं

वरच्या उदाहरणातली बाई रोज रात्री एका ओळीत दोन गोष्टी लिहिते: आज कळ कुठपर्यंत गेली, आणि टाच किती वेळा पूर्ण उचलली. चौथ्या दिवशी कळ अजून पोटरीत, पण करंगळीच्या मुंग्या दिवसातून थोडाच वेळ. दहाव्या दिवशी कळ गुडघ्याच्या वरच थांबते आणि कंबर मात्र पूर्वीपेक्षा जास्त दुखते. ती घाबरते; तिला वाटतं दुखणं परत आलं. खरं तर दुखणं पायातून वर सरकून कंबरेत गोळा होणं ही बरं होण्याची खूण आहे. पाय मोकळा झाला आणि कंबर थोडी वाढली तर त्याच व्यायामांवर राहायचं. उलट कंबर मोकळी झाली आणि कळ खाली, बोटांकडे चालली, तर वाट चुकली आहे. त्या दिवशी काय जास्त केलं ते शोधायचं आणि फिजिओथेरपिस्टला कळवायचं. तिसऱ्या आठवड्याअखेर ती टाच दहा वेळा उचलते. पावलाच्या कडेचा बोथटपणा मात्र शेवटी जातो, त्याला आणखी काही आठवडे लागू शकतात. मणक्याच्या चकतीमुळे झालेली सायटिका बहुतेकींमध्ये सहा ते बारा आठवड्यांत खूपच निवळते, म्हणून दोन आठवड्यांत पूर्ण गेली नाही म्हणजे उपाय फसला असं समजू नका.

त्याच दिवशी दवाखाना

मांडीच्या आतल्या बाजूला, योनी आणि गुदद्वाराभोवती, म्हणजे सायकलच्या सीटला टेकणाऱ्या भागात बधिरपणा आला. लघवी भरल्याचं कळत नाही, जोर करूनही सुटत नाही किंवा नकळत गळते. शौचावर ताबा राहत नाही. कळ एका पायातून दोन्ही पायांत गेली. चवडा किंवा टाच उचलेनाशी झाली. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता, रात्र असली तरी निघा. मणक्यातल्या मुळांचा पूर्ण जुडगा चेपला गेल्याची ही लक्षणं असतात आणि उशीर झाला तर लघवी-शौचाचा ताबा कायमचा जाऊ शकतो. गरोदरपणातही त्यासाठी एमआरआय आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया करतात. इथे एक फसगत होते: शेवटच्या महिन्यांत शिंकताना लघवीचा थेंब सुटणं पुष्कळ जणींना होतं आणि त्याची भीती नको. काळजी करायची ती लघवीची जाणीवच गेली, किंवा पुसताना स्पर्श कळला नाही तेव्हा.

दोन गोष्टी सायटिका नसतात पण तशा वाटतात. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली, लाल झाली, चालताना दुखते, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. गरोदरपणात ती डाव्या पायात जास्त होते. पोटरी चोळू नका, लगेच दाखवा. सोबत धाप किंवा छातीत दुखणं असेल तर रुग्णवाहिका बोलवा. दुसरी, सदतीसाव्या आठवड्याआधी कंबरेत ठराविक वेळाने येणारी-जाणारी कळ, पोट कडक होणं, पाणी किंवा रक्त जाणं. सायटिका घड्याळ लावून येत नाही, प्रसूतीच्या कळा येतात. ताप आणि लघवीला जळजळ असेल तर मूत्रपिंडाचा संसर्गही तपासावा लागतो.

रात्री पोटरीत गोळा येऊन बोटं वळतात, पाऊल वर ओढलं की मिनिट-दोन मिनिटांत सुटतं, ते यांपैकी काहीच नाही.

बाळंतपणाच्या वेळी

सायटिका आहे म्हणून सिझेरियन करावं लागतं असं नाही. पण दवाखान्याच्या कागदावर आधीच लिहून घ्या: कोणता पाय, कुठे बधिर, ताकद कशी. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही हेच सांगा. कण्यातलं इंजेक्शन बहुतेक वेळा देता येतं, पण आधीचा बधिरपणा नोंदलेला नसेल तर नंतर तो इंजेक्शनमुळे आला की आधीचाच होता हे कुणालाच सांगता येत नाही. कळांच्या वेळी कुशीवर निजून, किंवा चार पायांवर येऊन पुढे लोडावर टेकून राहिलं तर पायावरची ओढ कमी असते. पाय फार वेळ पोटाकडे दुमडून धरू नका, मध्ये मध्ये सोडायला सांगा. बाळंतपणानंतर भुलीचा परिणाम उतरल्यावर पहिल्यांदा उभं राहण्याआधी पलंगावरच दोन्ही चवडे वर ओढून बघा. एक चवडा उचलत नसेल तर नर्सला तेव्हाच सांगा, कारण प्रसूतीत बाळाच्या डोक्याच्या दाबानेही ओटीपोटातला हा मज्जातंतू दुखावू शकतो, आणि आधार न घेता उभ्या राहिलात तर पडाल.

नंतरचे सहा आठवडे बाळाला पाजताना भिंतीला टेकून पाय लांब करून बसणं परत सुरू होतं. खुर्ची, कंबरेत टॉवेल, पावलांखाली पाट आणि बाळ उशीवर, एवढं मांडून ठेवा, म्हणजे वाकावं लागत नाही. मुंग्या सहा आठवड्यांनंतरही असतील, किंवा ताकद पूर्ण आली नसेल, तर बाळंतपणानंतरच्या तपासणीत त्याच कागदाशी ताडून बघायला सांगा.